डक्ट : नळांसाठी आणि नळ बदलणाऱ्यासाठी

लेखांक सातवा

मागील लेखांकात गच्चीवरील टाक्या आणि त्यांचा इमारतीवर येणारा भार यांचा विचार झाला. त्या टाक्यांतले पाणी ज्या उभ्या पोकळीतून मजल्यामजल्यावर उतरते आणि वापरून झालेले पाणी ज्या पोकळीतून खालच्या चेंबरपर्यंत जाते, ती पोकळी, म्हणजे डक्ट, हा या लेखांकाचा विषय आहे. डक्ट किती मोठा असावा, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः त्यात किती नळ बसवायचे आहेत हे पाहून दिले जाते. परंतु नळ बसवतात तेव्हा भिंती अर्धवट असतात आणि बाहेर परांची उभी असते. तेच नळ बदलावे लागतात तेव्हा यांपैकी काहीच उरलेले नसते. म्हणून डक्टचे माप नळांवरून न ठरवता नळ बदलणाऱ्या माणसावरून ठरवणे अधिक योग्य होय.

जालना शहरात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. येथे पैठणच्या जायकवाडी जलाशयातून आणि निजामकाळात बांधलेल्या घाणेवाडी तलावातून येणारे नळाचे पाणी रोज मिळत नसल्याने बहुतेक सदनिकांच्या इमारतींना स्वतःची बोअर असते आणि उन्हाळ्यात टँकरही मागवावा लागतो. पिण्याचे पाणी व वापराचे पाणी वेगळे ठेवायचे म्हटले की गच्चीवर दोन टाक्या येतात, दोन टाक्यांमुळे खाली उतरणारे नळ दुप्पट होतात, आणि त्यांत सौर बंबाच्या गरम पाण्याचा नळ मिळाला की रोज पुरेसे पाणी येणाऱ्या शहरातील डक्टपेक्षा येथील डक्टमध्ये नळांची दाटी सहज अधिक होते.

शिवाय हे नळ लवकर खराबही होतात. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणातील भूजल बहुतेक ठिकाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. असे पाणी तापले की त्यातील विद्राव्य बायकार्बोनेटचे न विरघळणाऱ्या कार्बोनेटमध्ये रूपांतर होते आणि त्याचा पांढरट थर नळाच्या आतल्या बाजूस बसत जातो. सौर बंबाला बोअरचे पाणी जोडलेले असेल तर सर्वांत आधी तुंबतो तो गरम पाण्याचा नळ, आणि ते ओळखणेही अवघड नसते : एकाच स्नानगृहातील थंड पाण्याची धार पूर्वीसारखीच राहते, गरम पाण्याची मात्र महिनोन्महिने बारीक होत जाते. त्यामुळे डक्टमध्ये हा नळ दाराच्या सर्वांत जवळ असावा. प्रत्यक्षात तो बहुधा सर्वांत शेवटी जोडला जातो आणि जिथे जागा उरेल तिथे, म्हणजे इतर नळांच्या मागे, ढकलला जातो.

येथे कोणी म्हणेल की डक्टचे किमान माप नियमातच दिलेले आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार, स्नानगृहे व शौचालये मोकळ्या जागेकडे उघडत नसतील तर त्यांच्यासाठी वायुवीजनाची पोकळी ठेवावी लागते, आणि १८ मीटरपर्यंत उंचीच्या इमारतीत तिचे क्षेत्रफळ किमान ४ चौरस मीटर व बाजू किमान १.५ मीटर असावी लागते. हे माप हवेसाठी आहे, दुरुस्तीसाठी नाही. चार चौरस मीटरच्या पोकळीत चारही भिंतींवर नळ असतील, कोणत्याही मजल्यावर पाय ठेवायला आधार नसेल आणि आत जायचा मार्ग स्नानगृहाच्या काचपट्ट्यांच्या खिडकीतून असेल, तर तिसऱ्या मजल्यावरचा फुटलेला जोड बदलण्यासाठी प्लंबरला गच्चीवरून दोराच्या झुल्यावर बसून उतरावे लागते. याउलट, चौरस मीटरपेक्षाही लहान असलेल्या पण प्रत्येक मजल्यावर दार व उभे राहण्यास जाळी असलेल्या डक्टमध्ये तेच काम निम्म्या दिवसात उरकते.

दुरुस्तीला नेमकी किती जागा लागते, हे एका नेहमीच्या कामावरून पाहता येईल. शौचालयाच्या मैलापाण्यासाठी ११० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी नळ वापरतात आणि प्रत्येक मजल्यावरचा आडवा नळ त्याला जिथे मिळतो तिथे ‘डोअर टी’ नावाचा जोड असतो. त्याच्या अंगावरचे झाकण उघडून तुंबलेली वाहिनी साफ करता येते. हा जोड तडकला तर तो नुसता ओढून काढता येत नाही, कारण वरचा व खालचा नळ पक्का बसलेला असतो. तेव्हा जोडाच्या वर व खाली नळ करवतीने कापावा लागतो, नवा जोड आणि त्याच्या दोन्ही टोकांचे तुकडे मध्ये बसवावे लागतात, आणि कापलेल्या दोन्ही जागा सरकत्या कपलरने जोडाव्या लागतात. या कपलरच्या आत मधोमध कडा नसल्यामुळे तो आधी नळावर पूर्ण सरकवून ठेवता येतो आणि तुकडा जागेवर आल्यावर सांध्यावर परत ओढता येतो. त्यासाठी जोडाच्या सुमारे ३०० मिलिमीटर लांबीखेरीज वर १५० आणि खाली १५० मिलिमीटर सरळ, क्लॅम्प नसलेला, मोकळा नळ हवा. एकूण ६०० मिलिमीटर. करवतीचे पाते नळ कापून मागे निघण्यासाठी नळ व भिंत यांत निदान ४० मिलिमीटर फट हवी, आणि करवत पुढे-मागे ओढणाऱ्या हाताला, तसेच गुडघ्यावर बसलेल्या माणसाला, नळासमोर ६०० मिलिमीटर जागा हवी. भिंतीला चिकटवून, वर सिमेंटचा गिलावा चढवलेला नळ बदलायचा तर आधी भिंत फोडावी लागते, ती केवळ या ४० मिलिमीटरच्या अभावी.

या मापांवरून पार्किंगवर चार मजले असलेल्या इमारतीत, दोन सदनिकांच्या पाठीला पाठ लावून असलेल्या स्नानगृहांसाठी एक डक्ट काढून पाहू. मागच्या भिंतीवर मैलापाण्याचा व सांडपाण्याचा असे दोन ११० मिलिमीटरचे आणि हवेचा एक ७५ मिलिमीटरचा नळ घ्यावा. नळाचा व्यास जोडापाशी वाढतो, म्हणून हिशोबात मोठ्या नळांना प्रत्येकी १३० आणि हवेच्या नळाला ९० मिलिमीटर धरावेत. दोन नळांत १०० व दोन्ही कडांना ७५ मिलिमीटर मोकळे ठेवले की लांबी ७०० मिलिमीटर होते. पिण्याच्या पाण्याचा, वापराच्या पाण्याचा, टाकीकडे चढणारा आणि सौर बंबाचा असे चार नळ बाजूच्या भिंतीवर घेतले, सौर नळावरच्या उष्णतारोधक वेष्टनासह त्यांची मांडणी केली आणि प्रत्येकाभोवती ७५ मिलिमीटर सोडले, तर ५५५ मिलिमीटर लांबी लागते व ते भिंतीपासून सुमारे १०० मिलिमीटर पुढे येतात. म्हणजे डक्टची रुंदी ७०० अधिक १०० अशी ८०० झाली. खोलीचा हिशोब असा, की मागच्या नळांना भिंतीपासूनच्या फटीसह १७० आणि माणसाला ६०० मिळून ७७० मिलिमीटर लागतात. बांधकामात भिंती थोड्या इकडेतिकडे होतात आणि गिलाव्यालाही जागा जाते, हे लक्षात घेऊन नकाशात आतले माप ९०० गुणिले ९०० मिलिमीटर द्यावे. दोन सदनिकांमध्ये मिळून ही जागा एक चौरस मीटरही भरत नाही, तरीही विक्रीयोग्य क्षेत्र वाचवण्यासाठी पहिली कात्री तिलाच लागते. ही पोकळी स्नानगृहांच्या खिडक्यांसाठीही वापरायची असेल तर नियमातील मोठे माप पाळावेच लागेल, मात्र तेव्हाही नळ एकाच कोपऱ्यात वरीलप्रमाणे मांडून त्यांच्यासमोर प्रत्येक मजल्यावर लोखंडी पट्ट्यांची जाळी बसवता येते.

दार कोणत्या बाजूला असावे, यावर डक्टचे पुढचे सगळे आयुष्य अवलंबून असते. ते जिन्यासमोरील सामाईक जागेत असले तर कुणाच्याही घरात न शिरता काम होते, आणि कुलूप लावलेले घर किंवा परगावी गेलेला मालक ही अडचण राहत नाही. ६०० मिलिमीटर रुंद आणि उभ्याने शिरता येईल इतके उंच दार उत्तम. तसे शक्य नसेल आणि स्नानगृहातूनच झाकणाची जागा ठेवायची असेल, तर झाकणाच्या आकाराप्रमाणे कामही बदलते : ३०० मिलिमीटरच्या चौकोनातून केवळ हात जातो व व्हॉल्व्ह बंद करता येतो, ४५० रुंद व ६०० उंच झाकणातून डोके आणि खांदा आत जातो व वर वर्णिलेला जोड बदलता येतो. झाकण डोअर टीच्या तोंडासमोर यावे, ही साधी गोष्ट सर्वांत जास्त वेळा चुकते, कारण नळ एक जण बसवतो आणि फरशी दुसरा. झाकणावर फरशी लावायला हरकत नाही, पण कडेच्या सांध्यात सिमेंट न भरता सिलिकॉन भरावे. ते पात्याने कापून झाकण काढता येते.

झाकण उघडण्यापूर्वी गळती कोणत्या नळाची आहे हे ठरवता आले तर निम्मे काम वाचते. भिंतीची ओल घरात कोणी अंघोळ केलेली नसतानाही सारखीच राहत असेल, तर दोष बहुधा टाकीतून उतरणाऱ्या भरलेल्या नळात असतो. अशा वेळी रात्री पंप व सर्व घरांतील तोट्या बंद ठेवून टाकीतील पातळीवर खूण करावी; सकाळी पातळी उतरलेली दिसली की संशय पक्का होतो, आणि पिण्याची टाकी व वापराची टाकी वेगळ्या असल्याने दोन नळांपैकी कोणता हेही कळते. ओल फक्त वापरानंतर वाढत असेल तर सांडपाण्याचा नळ किंवा नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतील जाळीखालचे भांडे, तपासावे. मात्र ट्रॅपचा सांधा खोलगट स्लॅबच्या भरावात गाडलेला असल्यास डक्ट कितीही प्रशस्त असला तरी त्याचा उपयोग होत नाही, आणि फरशी उकलणे टळत नाही.

बांधून झालेल्या इमारतींत बहुधा आणखी एक अडथळा आढळतो : तळमजल्यावर किंवा मधल्या एखाद्या मजल्यावर रहिवाशाने डक्टचा भाग बंद करून तिथे धुण्याचे यंत्र किंवा अडगळ ठेवलेली असते. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० प्रमाणे थंड व गरम पाण्याच्या मध्यवर्ती व्यवस्था सामाईक सुविधांत मोडतात आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी योग्य वेळी सदनिकेत प्रवेश करण्याचा हक्क मालकांच्या संघाला असतो. गृहनिर्माण सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींतही बाहेरच्या सामाईक नळांच्या गळतीचा खर्च संस्थेवर टाकलेला आहे. परंतु हक्क असला तरी भिंतीत भोक नसते, आणि ते नंतर पाडणे नेहमी शक्य असतेच असे नाही. डक्टची भिंत चार इंची विटांची असेल तर तीत ६०० गुणिले ९०० मिलिमीटरचे दार, वर काँक्रीटचा लिंटेल टाकून, बिनधोक काढता येते. त्या जागी बीम, कॉलम किंवा काँक्रीटची भिंत असल्यास मात्र त्याला हात लावू नये आणि संरचना अभियंत्याला विचारून दुसरी बाजू शोधावी. स्नानगृहाची फरशी कधीतरी बदलायची असतेच; दार काढायचे असेल तर ते त्याच वेळी काढावे, आणि दार लावण्याआधी आतल्या प्रत्येक नळावर रंगाने ‘पिण्याचे’, ‘बोअर’, ‘सौर’ असे लिहून घ्यावे.