दिलेलं कमिशन परत कधी मागायचं?

वर्षभराच्या करारावर माल किंवा सेवा विकणाऱ्या कंपन्यांत विक्री करणाऱ्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर कधीतरी एक उणे आकडा येतो. चार महिन्यांपूर्वी मिळालेलं, घरच्या हप्त्यात खर्च झालेलं कमिशन या महिन्याच्या पगारातून कापलेलं असतं. कारण विचारलं की उत्तर मिळतं, "त्या ग्राहकाने करार रद्द केला." विकणाऱ्याला वाटतं, माझं काम तर मी केलं होतं. कंपनीला वाटतं, जे पैसे आमच्याकडे राहिलेच नाहीत त्यावर कमिशन कसलं? दोघांचंही म्हणणं खोटं नाही. हा वाद सुटतो तो एकाच प्रश्नाच्या उत्तराने: कमिशन नेमकं कोणत्या क्षणी कमावलं गेलं? हे उत्तर करार विकण्याआधी लिहून ठेवलेलं असावं लागतं. ते नसेल तर पुढचा हिशेब कितीही काटेकोर केला, तरी तो अन्यायाचाच वाटतो.

हा प्रश्न अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात कोर्टापर्यंत गेला होता. लॉस एंजेलिस टाइम्सचे वर्गणीदार फोनवरून मिळवणाऱ्यांना कमिशन आधी दिलं जाई. वर्गणीदार 28 दिवस टिकला नाही, तर ते पुढच्या कमिशनातून वळतं केलं जाई. त्या राज्याच्या कायद्यात दिलेली मजुरी मालकाला परत घेता येत नाही, म्हणून कर्मचारी कोर्टात गेले. 2005 साली अपील कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. कर्मचाऱ्यांनी सही केलेल्या करारातच लिहिलं होतं की 28 दिवस पूर्ण होईपर्यंत ही रक्कम उचल आहे. उचल फेडून घेणं म्हणजे मजुरी हिरावणं नव्हे, असं कोर्टाने मानलं. म्हणजे हातात आलेले पैसे तेच, पण अट आधी सांगितलेली असेल तर ते अजून कमावलेले नसतात.

आता एक उदाहरण घेऊ. नावं काल्पनिकही देत नाही, आकडे मात्र नेहमीच्या व्यवहारातले आहेत. पुण्यातली एक कंपनी शिकवणी वर्गांना हजेरी आणि फी सांभाळणारं सॉफ्टवेअर वर्षाच्या वर्गणीने देते. कोल्हापूरच्या एका क्लासने 1 जूनला वर्षाचे 1,20,000 रुपये ठरवले. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 21,600. क्लासने एकूण 1,41,600 रुपये एकरकमी भरले. विक्री प्रतिनिधीला 10 टक्के कमिशन आहे, ते जीएसटी वगळून मोजायचं, म्हणजे 12,000. कंपनीच्या योजनेत लिहिलंय की हे कमिशन बारा महिन्यांत दरमहा सारख्या हिश्शाने कमावलं जातं. जुलैच्या पगाराबरोबर पूर्ण 12,000 हातात आले. सप्टेंबरअखेर क्लासने एक शाखा बंद केली आणि करार सोडला. उरलेल्या आठ महिन्यांचे 80,000 रुपये आणि त्यावरचा 14,400 जीएसटी असे 94,400 रुपये कंपनीने क्रेडिट नोट काढून परत केले.

प्रतिनिधीने चार महिन्यांचे 4,000 कमावले, तर 8,000 परत द्यायचे. इथपर्यंत सोपं आहे. प्रत्यक्षात लेखा विभाग पगार विभागाला "रिफंड 94,400" एवढाच आकडा कळवतो. तिथे कोणीतरी त्याचे 10 टक्के काढतो आणि 9,440 रुपये कापले जातात. कमिशन देताना जीएसटी वगळला आणि परत घेताना धरला, म्हणून 1,440 रुपये उगाच गेले. आपल्या चिठ्ठीवर अशी वजावट आली, तर ती आधी मूळ कमिशनाशी ताडून पाहावी. वजावट आणि मूळ कमिशन यांचं प्रमाण उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणाशी जुळलं पाहिजे. बारापैकी आठ महिने उरले असतील तर दोन तृतीयांश, त्याहून जास्त नाही.

हेच 12,000 रुपये कंपनीच्या पुस्तकात कसे दिसतात, ते पाहण्यासारखं आहे. भारतात मोठ्या आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना इंड एएस 115 हे लेखा मानक 1 एप्रिल 2018 पासून लागू झालं. करार मिळाला म्हणूनच झालेला खर्च, म्हणजे आपलं हे कमिशन, करारातून वसूल होणार असेल तर मालमत्ता म्हणून दाखवायचा आणि सेवा पुरवली जाईल तसतसा खर्चात न्यायचा, असं ते सांगतं. म्हणून जूनमध्ये 12,000 ची मालमत्ता उभी राहते आणि दरमहा 1,000 नफा-तोट्यात जातात. सप्टेंबरअखेर 8,000 ची मालमत्ता उरलेली असते. करार तुटला की ती तशीच ठेवता येत नाही. तिच्या जागी प्रतिनिधीकडून 8,000 येणं आहे, अशी नोंद होते. पैसे वसूल झाले तर कंपनीला या कमिशनाचा तोटा शून्य. प्रतिनिधी मध्येच नोकरी सोडून गेला आणि वसुलीची आशा नसेल, तर ते 8,000 त्याच महिन्यात तोट्यात घालावे लागतात.

याच मानकात एक सवलत आहे. ही मालमत्ता एक वर्षात किंवा त्याहून लवकर संपणार असेल, तर कमिशन थेट खर्चात टाकता येतं. बऱ्याच कंपन्या हाच सोपा मार्ग धरतात. मग जूनमध्ये 12,000 चा खर्च दिसतो आणि सप्टेंबरमध्ये 8,000 उलटे जमा होतात. ज्या महिन्यात ग्राहक गेला, नेमका त्याच महिन्यात विक्रीचा खर्च कमी झालेला दिसतो. असा ताळेबंद वाचणाऱ्याची दिशाभूल होते, आणि महिन्याच्या बैठकीत ही गोष्ट फार कमी ठिकाणी बोलली जाते. शिवाय करार एक वर्षाचा आहे एवढ्यानेच ही सवलत मिळत नाही. दुसऱ्या वर्षीच्या नूतनीकरणावर त्या तोडीचं कमिशन मिळत नसेल, तर पहिल्या वर्षीचं मोठं कमिशन पुढच्या वर्षांसाठीही दिलेलं आहे असं धरतात. मग ते ग्राहक साधारण किती वर्षं टिकतो त्या काळात पसरवावं लागतं. सेल्सफोर्स ही मोठी अमेरिकी कंपनी नव्या करारांवरचं कमिशन चार वर्षांत पसरवते, ते याच तर्काने.

सगळी गडबड होते ती रिफंड दिसतच नाही तेव्हा. समजा, कोल्हापूरच्या त्याच क्लासने पैसे एकरकमी न भरता तिमाहीला 30,000 अधिक कर असे ठरवले असते. कमिशन तर पूर्ण वर्षाच्या रकमेवर, 12,000, जुलैमध्ये गेलंच असतं. सप्टेंबरनंतर क्लासने पुढचं बिल भरलंच नाही. इथे परत करायला पैसे नाहीत, क्रेडिट नोटही कोणी लगेच काढत नाही. बिल थकीत यादीत पडून राहतं. परतवसुली क्रेडिट नोटवर टांगलेली असेल तर ती होतच नाही. मग मार्चमध्ये लेखापरीक्षक थकीत बिलं बुडीत म्हणून काढायला सांगतात, तेव्हा सगळी वजावट एकदम अंगावर येते. तोवर आर्थिक वर्ष उलटलं असेल, तर कर मात्र मागच्या वर्षी पूर्ण 12,000 वर कापला गेलेला असतो. म्हणून कमिशनाचा तक्ता थकीत यादीशी दरमहा ताडावा लागतो, आणि पैसा हातात येईल तेवढंच कमिशन द्यावं लागतं. तिमाही भरणा असेल तर तिमाहीला 3,000. असं केलं तर परत घेण्याची वेळच फारशी येत नाही.

दुसरी वाट म्हणजे थोडी रक्कम राखून ठेवणं. 12,000 पैकी 9,000 लगेच द्यायचे, 3,000 नव्वद दिवसांनी. अशा शंभर करारांवर राखीव देणं 3 लाख होतं. पण मागच्या अनुभवानुसार शंभरातले आठ पहिल्या तीन महिन्यांत गळतात असं दिसत असेल, तर पुस्तकात 92 करारांचे 2,76,000 इतकंच देणं धरायचं, आणि दर तिमाहीला गळतीचा खरा आकडा पाहून ते सुधारायचं. ते आठचं आठच ठेवून वर्षानुवर्षं कोणी पाहिलंच नाही, तर तरतूद नावापुरती उरते.

अट कशी घालायची, याचाही वागण्यावर परिणाम होतो. अनेक योजनांत लिहिलेलं असतं की 90 दिवसांच्या आत करार तुटला तर पूर्ण कमिशन परत, नंतर काहीच नाही. मग प्रतिनिधी नाखूश ग्राहकाला गोड बोलून एक्याण्णवाव्या दिवसापर्यंत रोखतो, तक्रार वर पोचू देत नाही, आणि नंतर हात झटकतो. हे ओळखणं सोपं आहे. रद्द झालेले करार कितव्या दिवशी तुटले ते कागदावर मांडा. नव्वदीच्या लगेच पुढे ढीग दिसला, तर दोष योजनेत आहे. दरमहा सारख्या हिश्शाने कमी होत जाणारी परतवसुली मला म्हणूनच अधिक रास्त वाटते. आणि सॉफ्टवेअर चाललंच नाही म्हणून ग्राहक गेला असेल, तर विकणाऱ्याचा एक रुपयाही कापू नये. त्याने काही खोटं आश्वासन दिलं असेल तर गोष्ट वेगळी. पण सर्व्हर बंद पडण्याची किंमत विकणाऱ्याने का भरावी? रद्द होण्याचं कारण नोंदवताना ते प्रतिनिधीने किंवा त्याच्या वरिष्ठाने लिहू नये, ग्राहकाशी बोलणाऱ्या तिसऱ्या माणसाने लिहावं. दोघांचाही त्यात स्वार्थ असतो.

वजावट त्याच करारावर, त्याच माणसाकडून व्हायला हवी, हाही मुद्दा कोर्टात ठरलेला आहे. कॅलिफोर्नियातच नीमन मार्कस या दुकानसाखळीत परत आलेला माल कोणी विकला ते कळत नसे. तेव्हा कंपनी त्याचं कमिशन सगळ्या विक्रेत्यांमध्ये वाटून कापत असे. 1995 साली कोर्टाने ही पद्धत बेकायदा ठरवली, कारण एकाच्या विक्रीचं नुकसान दुसऱ्याच्या कमाईतून भरलं जात होतं. आपल्याकडेही "टीमच्या टार्गेटमधून वजा" अशी भाषा ऐकू येते, ती याच जातीची आहे.

भारतात पगारातून किती कापता येतं, याला कायद्याची मर्यादा आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत उचल फेडून घेणं आणि जास्त दिलेलं वेतन वळतं करणं यांना परवानगी आहे. पण एका वेतनकाळातली एकूण वजावट वेतनाच्या निम्म्याहून जास्त असता कामा नये. संहितेत नोकरी सोडलेल्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत देण्याची तरतूदही आहे. म्हणजे मे महिन्यात गेलेल्या माणसाचा हिशेब मे महिन्यातच मिटतो, आणि त्याने विकलेला करार ऑगस्टमध्ये तुटला तर कापायला पगारच उरत नाही. म्हणून राजीनामा येताच त्या माणसाच्या नावावरचे चालू करार काढून, प्रत्येकावर किती कमिशन अजून कमावायचं राहिलंय ते मोजावं लागतं. पुढच्या महिन्यांत तो ग्राहक दुसरा कोणी सांभाळणार असेल, तर उरलेला हिस्सा कोणाचा, हेही त्याच दिवशी लिहून घ्यावं लागतं.