मनगटातल्या बोगद्याची नोंद

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्राचे पाठ शेकड्यांनी असतात. व्याख्यानांचे व्हिडिओ, डिसेक्शन हॉलमधली छायाचित्रं आणि शिक्षकांची टिपणं महाविद्यालयाच्या संगणकावर साठत जातात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्यातला हवा तो पाठ सापडायचा असेल, तर प्रत्येक पाठाला एक छोटी नोंद जोडलेली असावी लागते. पाठ कशाविषयी आहे, कुणासाठी आहे आणि परीक्षेत त्याचं स्थान काय, हे तिच्यात लिहिलेलं असतं. या नोंदीला मेटाडेटा म्हणतात. ती लिहिणं कारकुनी काम आहे असं बहुतेकांना वाटतं. मला ते शिकवण्याचाच भाग वाटतं, कारण नोंद लिहायला बसलं की आपण नेमकं काय शिकवलं ते ठरवावंच लागतं.

उदाहरणासाठी कार्पल टनेलचा, म्हणजे मनगटातल्या बोगद्याचा पाठ घेऊ. मनगटाची छोटी हाडं तळहाताच्या बाजूने पन्हळीसारखी खोलगट मांडलेली असतात. त्यांच्यावरून फ्लेक्सर रेटिनॅक्युलम नावाचा जाड, न ताणणारा पट्टा आडवा जातो. खालची हाडं आणि वरचा पट्टा यांच्यामधल्या अरुंद जागेतून बोटं वाकवणाऱ्या 9 स्नायूरज्जू आणि एकच नस, मिडियन नर्व्ह, जाते. जागा वाढू शकत नाही. त्यामुळे आत सूज आली की दाब नसेवर पडतो.

आता परीक्षेत येतो तसा प्रश्न पाहा. चाळिशीतल्या एका बाईंना रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांना मुंग्या येऊन जाग येते. हात झटकला की बरं वाटतं. अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा रोडावला आहे, पण त्यावरच्या कातडीला स्पर्श मात्र नीट कळतो. असं का? त्या कातडीला संवेदना देणारी शाखा मिडियन नर्व्हपासून मनगटाच्या वरच, हाताच्या पुढच्या भागात फुटते आणि पट्ट्याच्या वरून तळहातात उतरते. ती बोगद्यात शिरतच नाही, म्हणून आतल्या दाबापासून वाचते. अख्ख्या पाठाचा गाभा या एका उत्तरात आहे आणि नोंदीतही तोच दिसला पाहिजे.

पण प्रत्यक्षात अनेकदा नोंदीत शीर्षक ‘हात – भाग 3’ असतं, विषय ‘अ‍ॅनाटॉमी’ असतो आणि पुढे शेरा असतो, ‘अतिशय महत्त्वाचे’. मुंग्यांचं कारण शोधणाऱ्या विद्यार्थ्याला हा पाठ कधीच सापडणार नाही.

पहिली अडचण नावांची. त्या पट्ट्याला एक पुस्तक फ्लेक्सर रेटिनॅक्युलम म्हणतं, शस्त्रक्रियेचं पुस्तक ट्रान्सव्हर्स कार्पल लिगामेंट म्हणतं, तर जुन्या ग्रंथात अँटिरिअर अ‍ॅन्युलर लिगामेंट असं नाव भेटतं. हा गोंधळ जुनाच आहे. 1895 साली बाझल इथे शरीररचनातज्ज्ञांनी हजारो पर्यायी नावं चाळून प्रत्येक अवयवाला एकच लॅटिन नाव ठरवलं. त्या परंपरेतली आजची यादी म्हणजे टर्मिनोलॉजिया अ‍ॅनाटॉमिका. ती 1998 साली आली आणि 2019 मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. 1998च्या यादीत प्रत्येक रचनेला सांकेतिक क्रमांकही आहे. वैद्यकीय लेख शोधण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची मेश ही संज्ञासूची वापरतात. ती दरवर्षी सुधारली जाते. चांगल्या नोंदीत एक प्रमाण संज्ञा क्रमांकासह असते आणि बाकीची नावं पर्यायी नावं म्हणून शेजारी असतात. पर्यायी नावं गाळली, तर नियम पाळल्याचं समाधान मिळेल, पण विद्यार्थी दारातूनच परत जाईल.

आमच्या पाठाची नोंद थोडक्यात अशी दिसेल:

```
dc:title    मनगटातील कार्पल टनेल आणि मिडियन नर्व्ह
dc:subject  Median Nerve (MeSH D008475)
dc:subject  nervus medianus (TA98 A14.2.03.031)
dc:subject  Carpal Tunnel Syndrome (MeSH D002349)
region      upper limb: wrist
competency  AN12.4
```

सुरुवातीला dc असलेल्या ओळी डब्लिन कोअर या 15 रकान्यांच्या सर्वमान्य आराखड्यातल्या आहेत. शेवटचे दोन रकाने महाविद्यालयाने आपल्या गरजेपुरते जोडायचे.

दुसरा प्रश्न संस्थेचा. हा पाठ अस्थिसंस्थेचा, स्नायूसंस्थेचा की चेतासंस्थेचा? हाडं, स्नायूरज्जू आणि नस तिन्ही त्यात आहेत, म्हणून शिक्षक तिन्हींवर खूण करून मोकळे होतात. मग चेतासंस्था शोधणाऱ्यापुढे मनगटाच्या हाडांचे पाठही येऊन पडतात. मेशच्या सूचीकारांनी यावर एक साधी रीत बसवली आहे. लेखाचा मुख्य विषय असलेल्या संज्ञेला ते तारांकित करतात आणि नुसता उल्लेख असलेली संज्ञा बिनतारांकित ठेवतात. इथे चेतासंस्थेला तारा द्यावा, कारण पाठ नसेवरच्या दाबाचा आहे. उरलेल्या दोन संस्था दुय्यम राहतील. शरीराच्या भागाचा रकाना मात्र वेगळाच हवा. डिसेक्शन भागाभागाने होतं आणि परीक्षेची उजळणी बऱ्याचदा संस्थेनुसार होते. दोन्ही वाटांनी येणारा विद्यार्थी त्याच पाठावर पोहोचायला हवा.

सर्वांत जास्त ढिलाई परीक्षेच्या रकान्यात होते. ‘महत्त्वाचे’ हा शेरा तपासता येत नाही. एका शिक्षकाला जे महत्त्वाचं वाटतं ते दुसऱ्याला वाटेलच असं नाही, आणि दर पाठावर तोच शेरा असला की त्याला अर्थच उरत नाही. आपल्याकडे यासाठी पक्का आधार आहे. 2019 पासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमात प्रत्येक विषयाच्या क्षमतांना क्रमांक दिलेले आहेत. वरचा AN12.4 म्हणजे शरीररचनाशास्त्र, बारावा विषय, अर्थात बाहूचा पुढचा भाग आणि हात, आणि त्यातली चौथी क्षमता: कार्पल टनेल सिंड्रोमचं शरीररचनेतलं कारण समजावून सांगणे. समजावून सांगणे या क्रियापदावरून प्रश्नाचा रोखही कळतो. नुसती यादी पुरणार नाही, कारण द्यावं लागेल. म्हणून परीक्षेच्या रकान्यात क्षमतेचा क्रमांक आणि प्रश्नाचा प्रकार लिहावा. लेखी परीक्षेत रुग्णाचं वर्णन देऊन विचारलेला लघुप्रश्न, किंवा तोंडी परीक्षेत बोगद्यातल्या रचना ओळखणे, असा. ‘वारंवार विचारला जातो’ असं म्हणायचं असेल, तर कोणत्या वर्षी आणि कोणत्या विद्यापीठात ते सोबत द्यावं, नाहीतर लिहूच नये.

क्रमांकासोबत अभ्यासक्रमाचं सालही हवं. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मार्गदर्शक तत्त्वं सुधारली. पुढेही सुधारणा होतील. वर्षाविना लिहिलेला क्रमांक उद्या दुसऱ्याच क्षमतेचा ठरला, तर नोंद गुपचूप चुकीची होते आणि कुणाला कळतही नाही. संज्ञांच्या आवृत्तीचंही तेच. म्हणून वर दिलेल्या नोंदीत नुसतं टीए न लिहिता साल जोडलं आहे.

नोंद झाली की तिची परीक्षा सोपी आहे. पाठ न पाहिलेल्या विद्यार्थ्याला चार शोध करायला सांगावेत: ‘मिडियन नर्व्ह’, ‘ट्रान्सव्हर्स कार्पल लिगामेंट’, ‘रात्री बोटांना मुंग्या’ आणि ‘AN12.4’. चारही वेळा हा पाठ वरच्या काही निकालांत आला पाहिजे. मग पाचवा शोध ‘अल्नर नर्व्ह’ असा करावा. ती नस या बोगद्यातून जात नाही, पट्ट्याच्या वरून जाते. तरीही आमचा पाठ पहिल्या क्रमांकावर दिसला, तर कुठेतरी जादा खूण पडलेली आहे. ती शोधून काढून टाकावी.