बटणाबाहेर राहिलेला ‘नका’

तिकीट काढण्याच्या ॲपमधली एक चौकट डोळ्यांसमोर आणा. ‘तिकीट रद्द करायचे आहे का?’ असा प्रश्न आणि खाली शेजारीशेजारी दोन बटणे. डाव्या बटणावर लिहिले आहे ‘तिकीट रद्द करा’ आणि उजव्या बटणावर ‘तिकीट रद्द करू…’. उजवीकडचा खरा मजकूर आहे ‘तिकीट रद्द करू नका’. शेवटचा शब्द मावला नाही, म्हणून ॲपने तो कापून तीन टिंबे ठेवली. आता दोन्ही बटणे एकच गोष्ट सांगतात, आणि ज्याला तिकीट ठेवायचे आहे त्याने काय दाबायचे हे कळायला मार्ग उरत नाही.

मूळ इंग्रजी चौकटीत हा घोटाळा होत नाही. तिथे बटणांवर Cancel ticket आणि Keep ticket असते. हा मजकूर कापला गेला, तरी Cancel आणि Keep हे सुरुवातीचे शब्द शाबूत राहतात. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नकार तर बहुधा त्याच्याही मागून. म्हणजे शेपूट कापले की नेमके जे वाचायचे तेच जाते. इंग्रजीसाठी निरुपद्रवी असलेली टिंबांची सोय मराठी बटणावर धोकादायक ठरते ती यामुळे. माझ्या मते कृती सांगणाऱ्या मराठी बटणावर टिंबे कधीच येऊ देऊ नयेत.

मजकूर मावत का नाही? समजा, इंग्रजी पडदा आखताना बटणाची रुंदी 112 पिक्सेल ठरवली. दोन्ही कडांना 12-12 पिक्सेल मोकळी जागा सोडली की अक्षरांसाठी 88 उरतात. 14 पिक्सेलच्या टाइपात Keep ticket त्यात आरामात बसते. ‘तिकीट रद्द करा’ हेसुद्धा बसते. पण ‘तिकीट रद्द करू नका’ला साधारण 100 पिक्सेल लागतात, फॉन्टनुसार थोडे कमीजास्त. तूट जेमतेम एका शब्दाची असते आणि तो शब्द ‘नका’ असतो.

हा त्रास एकट्या मराठीचा नाही. इंग्रजी मजकूर जितका छोटा, तितका तो भाषांतरात जास्त फुगतो. आयबीएमच्या जुन्या मार्गदर्शक तत्त्वांत दहा अक्षरांपर्यंतच्या इंग्रजी मजकुराला भाषांतरात दुप्पट ते तिप्पट जागा धरायला सांगितले आहे. सत्तर अक्षरांपुढच्या मजकुराला मात्र तीस टक्के वाढीव जागा पुरते. मेनू आणि बटणे म्हणजे सगळा छोटाच मजकूर. Retry या एका शब्दाचे ‘पुन्हा प्रयत्न करा’ होते, Undo चे ‘पूर्ववत करा’.

उपाय बटणाची रुंदी 112 ऐवजी 130 करणे हा नव्हे. मग पुढच्या भाषेत 130 कमी पडतील. रुंदी आणि उंची पक्की ठरवायचीच नाही. फक्त किमान किती हवी ते सांगायचे आणि बाकीचे मजकुरावर सोडायचे. वेबपानाच्या सीएसएसमध्ये ते असे दिसते:

```css
.row {
  display: flex;
  flex-wrap: wrap;
  gap: 8px;
}
.row button {
  flex: 1 1 auto;
  min-width: 112px;
  min-height: 48px;
  padding: 8px 12px;
  line-height: 1.5;
}
```

इथे बटण मजकुराएवढे रुंद होते. दोन्ही बटणे एका ओळीत मावली तर शेजारी राहतात, नाही मावली तर `flex-wrap` मुळे दुसरे बटण खाली जाते आणि दोघांनाही पूर्ण रुंदी मिळते. एकटे बटणही ओळीपेक्षा लांब झाले, तर त्यातला मजकूर दोन ओळींत मोडतो. त्यासाठी जुन्या नियमांतले `white-space: nowrap` शोधून काढून टाकावे लागते, कारण ते ओळ मोडूच देत नाही. बहुतेक वेळा खरा अडसर तिथेच असतो.

दोन ओळी झाल्या की प्रश्न उंचीचा येतो. इथे देवनागरीची गरज रोमन लिपीपेक्षा वेगळी आहे. आपल्या अक्षरांच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार, ऋकार. ओळींमधले अंतर इंग्रजीसाठी घट्ट बसवलेले असेल आणि बटणाबाहेरचा भाग दिसू नये असा नियम असेल, तर ‘नाव नोंदवा’चा अनुस्वार छाटला जाऊन ‘नाव नोदवा’ दिसते. म्हणून वर `line-height` दीडपट ठेवली आहे. 14 पिक्सेलच्या दोन ओळींना 42 आणि वरखालच्या मोकळ्या जागेला 16, असे हे बटण 58 पिक्सेल उंच होईल. किमान उंची 48 असली तरी ते वाढू शकते. पक्की उंची 36 असती तर दुसरी ओळ नाहीशी झाली असती.

ओळ कुठे मोडावी, हेही सांगता येते. ‘तिकीट रद्द करू’ एका ओळीत आणि ‘नका’ एकटा खाली, हे वाचायला वाईट. ‘करू’ आणि ‘नका’ यांच्यामध्ये न तुटणारी मोकळी जागा, म्हणजे ` `, टाकली की ते शब्द एकत्रच खाली येतात. याउलट `word-break: break-all` हा नियम मराठी बटणावर लावू नये. तो शब्द वाटेल तिथे तोडतो.

आणखी एक वाट म्हणजे मजकूर बसेपर्यंत टाइप लहान करणे. अँड्रॉइडमध्ये 2017 च्या 8.0 आवृत्तीपासून ही सोय आहे. ती मोहक आहे, पण मी तिला शेवटचा पर्याय मानते. शेजारच्या दोन बटणांवर दोन आकारांची अक्षरे दिसतात, देवनागरीची जोडाक्षरे बारीक टाइपात लवकर गिचमिड होतात, आणि ज्या आजोबांनी मुद्दाम फोनमधली अक्षरे मोठी करून घेतली त्यांची सोय ॲप परस्पर काढून घेते. पडद्याच्या तळाशी पाच खुणांची पट्टी असते, तिथे मात्र खरोखरच जागा नसते. 360 रुंदीच्या फोनवर एकेकीला 72 मिळतात. तिथे थोडे लहान करणे क्षम्य आहे, तेही किमान आकार ठरवून.

अशा अरुंद जागेसाठी भाषांतरकाराकडून छोटा शब्द मागणेच बरे. पण मागताना ‘दहा अक्षरांत बसवा’ असे सांगितले जाते आणि ती मोजणी फसवी असते. संगणकाच्या हिशेबात ‘रद्द’ चार अक्षरांचा आहे, कारण र, द, हलन्त आणि पुन्हा द असे तो मोजतो. डोळ्यांना दिसतात दोनच. याच मोजणीने प्रोग्रॅममध्ये मजकूर कापला, तर ‘सर्व’ची पहिली तीन ‘अक्षरे’ म्हणून ‘सर्’ हाती येते. भाषांतरकाराला आकडा देण्यापेक्षा त्या पडद्याचे चित्र द्यावे.

या चुका मराठी येण्याआधीच पकडता येतात. अँड्रॉइडमध्ये en-XA नावाची खोटी भाषा आहे. ती इंग्रजी मजकूर चिन्हे लावून आणि लांबवून दाखवते, त्यामुळे कुठल्या बटणातून मजकूर सांडणार हे प्रोग्रॅमरला एक अक्षर मराठी न येताही दिसते. मात्र उकार-ऋकार छाटले जातात का, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी बटणावर ‘कीर्ती’ आणि ‘वृत्तांत’ असे वरखाली चिन्हे असलेले शब्द दोन ओळींत टाकून, फोनची अक्षरे सर्वांत मोठी करून, पडदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा लागतो. अँड्रॉइड 14 पासून अक्षरे दुपटीपर्यंत मोठी होतात, आणि जो पडदा नेहमीच्या आकारात नीट दिसला तोच तिथे पुन्हा टिंबे दाखवू लागतो.