तोळ्याची एक किलोमीटर तार

एक तोळा शुद्ध सोनं घेतलं आणि त्याची तार ओढत ओढत ती २५ मायक्रॉनपर्यंत, म्हणजे केसाच्या साधारण एक तृतीयांश जाडीपर्यंत बारीक केली, तर ती एक किलोमीटरहून थोडी लांब भरते. तोळा इथे आजच्या बाजारातला, दहा ग्रॅमचा. अशी तार खरोखर ओढली जाते. संगणकाच्या चिपमधला सिलिकॉनचा तुकडा बाहेरच्या पायांना जोडायला ती लागते. एका जोडणीला दोन मिलिमीटर धरा, एका चिपमध्ये अशा शंभर जोडण्या धरा. वीस सेंटिमीटर तारेत एका चिपचं काम झालं. म्हणजे एका तोळ्यात पाच हजार चिपा उरकतात. त्याच तोळ्यात सोनाराकडे एक बेताची साखळी होते, तीही एकाच गळ्यातली.

हा हिशेब डोक्यात ठेवला की पेढीवर हल्ली हमखास ऐकू येणाऱ्या एका वाक्याचं वजन कळतं. ‘मोबाईलमध्ये सोनं लागतं, आता ते एआय आलंय, त्यालाही लागतं, म्हणून भाव चढतोय.’ मागच्या दसऱ्याला मी हे एका सराफाच्या तोंडून ऐकलं, आणि समोरच्या गिऱ्हाइकाने मान डोलावून पाटल्या घेतल्यासुद्धा. पहिला भाग खरा आहे. सोनं लागतं. चढत्या भावाचं कारण मात्र तिथे नाही.

वर्ल्ड गोल्ड कौन्सिल दरवर्षी जगभरच्या मागणीचा ताळेबंद मांडते. २०२४ मध्ये एकूण मागणी पाच हजार टनांच्या किंचित खाली होती. त्यात इलेक्ट्रॉनिक्स, इतर कारखाने आणि दातांचे डॉक्टर मिळून सगळ्यांचा वाटा ३२६ टन, शंभरात साडेसहा. निव्वळ इलेक्ट्रॉनिक्स २७१ टन. दुसऱ्या बाजूला लोकांनी घेतलेले दागिने १,८७७ टन, गुंतवणूक म्हणून घेतलेली नाणी, लगडी वगैरे १,१८० टन, आणि मध्यवर्ती बँकांची खरेदी १,०४५ टन. एकट्या भारताने त्या वर्षी ५६३ टनांचे दागिने घेतले. आपल्या लग्नसराईपुढे आणि मुहूर्तांपुढे साऱ्या जगाचे कारखाने असे तोकडे पडतात.

एआयचा परिणाम अजिबात नाही असंही नव्हे. त्या वर्षी तंत्रज्ञानातली मागणी सात टक्क्यांनी वाढली आणि त्यामागे एआयसाठीच्या यंत्रसामग्रीचा हात होताच. पण सात टक्के म्हणजे किती? २१ टन. त्याच वर्षी भाव भडकल्यामुळे दागिन्यांची मागणी सव्वादोनशे टनांहून अधिक घसरली. एकीकडे ओंजळभर पाणी वाढलं, दुसरीकडे हंडा रिकामा झाला, आणि तरीही भाव चढतच राहिला.

इथे दागिना आणि गुंतवणूक यांतला फरक पाहण्यासारखा आहे. भाव चढला की दागिना घेणारा वजन कमी करतो. तीन तोळ्यांचं ठरलेलं मंगळसूत्र दोन तोळ्यांत बसवतो, पण लग्न पुढे ढकलत नाही. म्हणूनच २०२४ मध्ये दागिन्यांचं वजन अकरा टक्क्यांनी घटलं, तरी लोकांनी त्यांवर खर्च केलेला पैसा नऊ टक्क्यांनी वाढला. गुंतवणूकदाराचं बहुतेकदा उलटं असतं. भाव चढताना दिसला की तो आणखी घेतो. त्या वर्षी गुंतवणुकीची मागणी पंचवीस टक्क्यांनी वाढली. मध्यवर्ती बँका डॉलरवरचा भार कमी करायला, निर्बंधांच्या धास्तीने घेतात. दोन-पाच टक्के महाग पडलं म्हणून त्या फारशा थांबत नाहीत. भावाची दोरी या मंडळींच्या हातात आहे.

कारखानदार तिसऱ्याच जातीचा. भाव ठरवण्यात त्याचा हात जवळजवळ नाही. ठरलेला भाव सोसायचा किंवा सोन्यातून सुटका करून घ्यायची, एवढंच त्याच्याकडे उरतं. त्याने सुटका कशी करून घेतली, हे आपल्या त्या तारेकडे पाहून समजतं.

२००९ च्या सुरुवातीला औंसाला आठशे-नऊशे डॉलरच्या आसपास असलेला भाव सप्टेंबर २०११ मध्ये एकोणीसशेवर गेला. चिपा बांधणाऱ्या कारखान्यांनी आधी तार बारीक केली. २५ मायक्रॉनची १८ मायक्रॉन केली, की तेवढ्याच लांबीला सोनं जवळपास निम्मं लागतं. तोळ्यात एकाऐवजी दोन किलोमीटर. पुढची पायरी तांब्याची, आणि ती अवघड होती. जोडणी करताना तारेचं टोक विजेच्या ठिणगीने वितळवून त्याचा बारीक गोळा करतात आणि उष्णता व कंपन देऊन तो चिपवरच्या ॲल्युमिनियमच्या ठिपक्यावर दाबतात. सोनं गंजत नाही, म्हणून हे काम उघड्या हवेत होतं. तांब्याचा गोळा हवेत लगेच काळवंडतो आणि नीट चिकटत नाही. म्हणून तिथे नायट्रोजनमध्ये थोडा हायड्रोजन मिसळून त्याचा झोत सोडावा लागतो. शिवाय तांबं सोन्यापेक्षा कडक. दाब जरा जास्त झाला की ठिपक्याखालच्या सिलिकॉनला तडा जातो, आणि तो वरून दिसत नाही. म्हणून नमुन्याच्या चिपा काढून तारेखाली आकडा अडकवून ती तुटेपर्यंत ओढतात, गोळा बाजूने ढकलून पाहतात. तार मधोमध तुटली तर ठीक. ठिपकाच खालच्या तुकड्यासकट उपटून आला, तर दाब चुकला. तांब्यावर पॅलेडियमचा मुलामा देऊन काळवंडण्याचा त्रास बराच कमी झाला, आणि एकदा यंत्रं बदलली, माणसं शिकली, की सोन्याकडे परत यायला कारण उरलं नाही. भाव पुढे उतरला तेव्हाही त्यातले बहुतेक परतले नाहीत.

२०१० मध्ये तंत्रज्ञानात साडेचारशे टनांहून अधिक सोनं लागत होतं. त्यानंतर जगात चिपा किती वाढल्या ते सांगायला नको, तरी २०२४ चा आकडा ३२६. दातांसाठीचं सोनं तर सिरॅमिकपुढे हरून दहा टनांच्या आत आलं आहे. जिथे सोनं टिकलं आहे, तिथेही ते बऱ्याचदा जोडणीच्या टोकांवर मायक्रॉनच्या अंशात मोजण्याजोगा मुलामा म्हणून आहे.

चांदीची गोष्ट वेगळी. तिच्या मागणीतला निम्म्याहून जास्त भाग कारखान्यांचा आहे, त्यामुळे सौर पॅनेलची बातमी चांदीच्या भावाला खरोखर लागू पडते. तेच तर्कट सोन्याला जोडलं की घोटाळा होतो.

आणखी एक मोजमाप राहिलं. आजवर खणून काढलेलं सोनं सव्वादोन लाख टनांच्या जरा खाली आहे आणि त्यातलं बहुतेक आजही कुठे ना कुठे आहे, कपाटात, तिजोरीत, गळ्यात. तंत्रज्ञानाची वर्षभराची गरज त्या साठ्याच्या हजारात दीड भाग. हा साठा मोडीच्या वाटेने पुन्हा बाजारात येत राहतो. २०२४ मध्ये असं १,३७० टन आलं, कारखान्यांच्या गरजेच्या चौपटीहून अधिक.

मोडीची ही वाट आपल्याकडच्या माणसांनी बांधलेली आहे. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाईवाले देशभर पसरले ते याच कामावर. सराफाच्या दुकानातला केर, घासणीची धूळ यांतूनही ते सोनं गाळून काढतात, म्हणून दागिन्यांच्या धंद्यात सोनं फारसं वाया जात नाही. किलोमीटरभर तारेचा तोळा परत मिळवायचा, तर पाच हजार घरांच्या ड्रॉवरमध्ये पडलेली बंद यंत्रं गोळा करावी लागतील. २०२२ मध्ये जगात निघालेल्या ई-कचऱ्यापैकी रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेलेला हिस्सा २२ टक्क्यांच्या आसपास होता.