रोप जमिनीलगतच का कोलमडतं?

संध्याकाळी ताठ उभी असलेली मिरचीची रोपं सकाळी आडवी पडतात. पानं मात्र अजून हिरवीच! उपटून पाहिलं तर मातीलगतचा देठ पाणचट आणि दोऱ्यासारखा बारीक झालेला दिसतो.

हे काम बहुधा पिथियम या बुरशीसदृश जीवाचं. त्याचे बीजाणू ओल्या मातीतल्या पाण्यात चक्क पोहतात. कोवळ्या देठात लाकूडपणा आलेला नसतो. तो कच्च्या भिंतीसारखा पायाशीच विरघळतो. देठ जून झाला की धोका ओसरतो.

म्हणून गादीवाफा उंच करावा, बी विरळ पेरावं, पेरण्याआधी किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावं. पाणी सकाळीच द्यावं. रोपांनी माना टाकल्या म्हणून आणखी पाणी ओतणं, ही नेहमीची चूक. आडवं झालेलं रोप उठत नाही. ते भोवतालच्या मातीसकट काढावं.