वीस मिलिमीटरच्या पुलीवरचा पट्टा

पुढून दार असलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या वॉशिंग मशीनचं मागचं झाकण काढलं की एक काळा, पातळ पट्टा दिसतो. बाहेरून सपाट, आतून मात्र लांबीभर बारीक धारा. हा पॉली-व्ही बेल्ट. पिठाच्या गिरणीतला जाड व्ही-बेल्ट इथे का चालत नाही, ते हिशेबानेच पाहू.

कपडे पिळताना ड्रम मिनिटाला १२०० फेरे घेतो आणि मोटर त्याच्या बारापट, म्हणजे १४,४०० फेरे घेते असं धरा. ‘ए’ सेक्शनचा व्ही-बेल्ट १३ मिलिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर जाड असतो. साधारण ७५ मिलिमीटरपेक्षा लहान पुलीवर तो वळवू नये. मोटरवर ७५ची पुली लावली, तर ड्रमला ९०० मिलिमीटरची लागेल; अख्खं मशीनच जेमतेम ६०० रुंद असतं. शिवाय पट्टा सेकंदाला ५६ मीटर धावेल, आणि त्याची मर्यादा तिसाच्या आसपास आहे. पॉली-व्हीचा ‘पीजे’ प्रकार २० मिलिमीटरच्या पुलीवरही वळतो. मग ड्रमची पुली २४०ची पुरते आणि पट्ट्याचा वेग १५ मीटरवर येतो.

हा फरक जाडीमुळे पडतो. पट्टा पुलीवर वळताना त्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते. जाड रबर दर फेऱ्याला असं दबून सुटलं की तापतं, कडक होतं आणि चिरतं. वेग वाढला की पट्ट्याचं स्वतःचं वजन त्याला पुलीपासून बाहेर ओढतं. वेग दुप्पट झाला तर ही ओढ चौपट होते. पातळ, हलक्या पट्ट्याला दोन्ही त्रास कमी.

पण त्याची किंमत मोजावी लागते. व्ही-बेल्ट खाचेत पाचरीसारखा रुतून बसतो, म्हणून थोडा ढिला असला तरी ओढतो. पॉली-व्हीला जास्त ताण लागतो आणि तो भार बेअरिंगवर येतो. त्याच्या धारा झिजल्या की टोकं खाचेच्या तळाला टेकतात, पकड सुटते आणि पट्टा घसरून किंचाळतो. आजकालच्या ईपीडीएम रबरात चिरा सहसा पडत नाहीत, म्हणून नुसत्या नजरेला जुना पट्टा नव्यासारखाच वाटतो. झीज गेज लावून मोजावी लागते. दोन पुली एका रेषेत नसल्या तरी आवाज येतो, म्हणून ताण वाढवण्याआधी पुलींवर सरळपट्टी धरून पाहावी. बारीक खाचांत खडा अडकला, तर तिथली धारच फाटते.

म्हणून धूळ, खडे आणि अचानक बसणारे झटके जिथे रोजचेच आहेत, त्या मळणी यंत्रावर जुना व्ही-बेल्टच ठेवावा.