पाऊल नेमके कुठे अडते?

नाशिककडे कांदा लागवडीच्या दिवसांत वाफ्यात तासन्‌तास उकिडवे बसून रोपे लावावी लागतात. अशा कामानंतर एखाद्या बाईच्या डाव्या पायातली चप्पल सारखी निसटू लागते. दुखत काहीच नसते, पण घरातल्या सपाट फरशीवरही ठेच लागते. घरचे म्हणतात, गुडघा झिजला असेल. जाणकार डॉक्टर मात्र गुडघ्याला हात लावण्याआधी तिला थोडे चालायला सांगतात आणि समोरून, बाजूने, पाठीमागून पाहत राहतात.

एका पायाची टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत चालण्याचे एक चक्र होते. नेहमीच्या वेगात त्याला साधारण एक सेकंद लागतो. त्यातला जवळपास ६० टक्के वेळ तो पाय जमिनीवर असतो आणि ४० टक्के वेळ हवेत. जमिनीवर आधी टाच टेकते, मग तळवा अलगद खाली येतो, काही क्षण सगळा भार त्या एकाच पायावर पडतो आणि शेवटी चवडा शरीराला पुढे ढकलतो. हवेतून पुढे येताना बोटे जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वर असतात. या प्रत्येक टप्प्यात वेगवेगळ्या स्नायूंवर जबाबदारी असते. त्यामुळे चाल कोणत्या टप्प्यात बिघडते, यावरून दोष कुठे आहे याचा माग लागतो.

सगळ्यांच्या ओळखीचे लंगडणे वेदनेचे. डॉक्टर त्याला ‘अँटॅल्जिक’ चाल म्हणतात. दुखरा पाय जमिनीवर टेकला की माणूस तो लगेच उचलतो, आणि दुसरा पाय घाईने पुढे पडतो. पावलांचा आवाज ऐकला तरी लय असमान असल्याचे कळते. झिजलेला गुडघा, मुरगळलेला घोटा, टाचेचे दुखणे, सगळ्यांत हेच दिसते. म्हणजे ही चाल वेदनेची बाजू सांगते, कारण सांगत नाही.

दुसरी चाल फसवी असते. एका पायावर उभे राहिल्यावर कंबरेचे हाड आडवे, समपातळीत धरून ठेवण्याचे काम खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू करतात. ते दुबळे झाले की कंबर उलट बाजूला झुकते. उजवा खुबा आजारी असेल तर उजव्या पायावर भार आल्यावर डावी बाजू खाली जाते, आणि पाहणाऱ्याला डावीकडेच बिघाड आहे असे वाटते. काही जण तोल सावरण्यासाठी धडच आजारी बाजूला झुकवतात. दोन्हीकडे दोष असेल तर चाल बदकासारखी डुलते. जर्मन शल्यविशारद फ्रीडरिश ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९५मध्ये, जन्मतः खुबा निखळलेल्या मुलांमध्ये ही खूण वर्णिली. अशा रुग्णाने काठी निरोगी बाजूच्या हातात धरायची असते, म्हणजे आजारी खुब्यावरचा ताण हलका होतो. अनेक जण नेमकी उलट धरतात.

आता पुन्हा त्या बाईकडे. तिचा डावा पाय जमिनीवर पुरेसा वेळ टिकतो, म्हणजे हे वेदनेचे लंगडणे नव्हे. बिघाड हवेतल्या टप्प्यात आहे. चवडा वर उचलला जात नाही, म्हणून बोटे घासू नयेत यासाठी ती गुडघा उंच उचलते, आणि पाऊल टेकताना ‘फट्’ असा आवाज येतो. हा ‘फूट ड्रॉप’. नडगीच्या पुढचा स्नायू चवडा उचलतो आणि टाच टेकल्यावर तो हळू खालीही सोडतो. इथे दोन्ही कामे थांबली आहेत.

पण मज्जातंतू दबला कुठे? गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, खालच्या बाजूला, तो हाडाला वळसा घालून कातडीच्या अगदी जवळून जातो. दीर्घकाळ उकिडवे बसल्याने तिथे तो चेपला जाऊ शकतो. मात्र कंबरेत सरकलेली चकती पाचव्या मज्जामुळावर दाब देत असली, तरी चवडा असाच पडतो. फरक शोधायला डॉक्टर तळवा आतल्या बाजूला वळवायला सांगतात. ती ताकद शाबूत असेल आणि चालताना कंबर समपातळीत राहत असेल, तर संशय गुडघ्याजवळच्या जागेवर जातो. तळवाही वळत नसेल आणि कंबरही झुकत असेल, तर दोष मणक्यात असण्याची शक्यता वाढते, कारण ते मज्जामूळ खुब्याच्या त्या स्नायूंनाही तंतू पुरवते. सौम्य दुबळेपणात हा फरक पुसट असतो. तेव्हा मज्जातंतूची विद्युत तपासणी करावी लागते.

कातडीवर बधिर, फिकट चट्टा असेल किंवा गुडघ्याजवळ तंतू जाड लागत असेल, तर कुष्ठरोगाचा विचार आपल्याकडे करायलाच हवा. त्यावर औषधोपचार आहेत, पण उशीर झाला तर तंतूचे नुकसान कायमचे राहू शकते.

केवळ बसण्याच्या सवयीने चेपलेला तंतू तसे बसणे थांबवल्यावर बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरतो. तोवर ठेच टाळण्यासाठी घोटा काटकोनात धरणारी प्लास्टिकची पट्टी बुटात घालतात. मात्र चवडा अचानक पडला आणि सोबत लघवी अडली किंवा मांड्यांमधला भाग बधिर झाला, तर ‘उद्या पाहू’ म्हणू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.